सांध्यावरचे वाक्य

वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या विषयांवर चित्रित केलेले तुकडे एकामागे एक लावून जो व्हिडिओ तयार होतो, त्यात दोन तुकड्यांच्या मधल्या सांध्यावर निवेदकाचे एखादे छोटे वाक्य येते. रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या कामात त्याला ‘लिंक’ म्हणतात. मराठीत जोडवाक्य म्हणायला हरकत नाही. प्रेक्षकाला मागच्या विषयावरून उठवायचे आणि पुढच्या विषयाजवळ नेऊन बसवायचे, एवढेच त्याचे काम. पण ते सात-आठ सेकंदांत उरकावे लागते. जोडवाक्य नसेल तर तुकडे नुसते शेजारी पडून राहतात, आणि ते ओढूनताणून आणलेले असेल तर तुकड्यांमधले अंतर झाकले जाण्याऐवजी उलट डोळ्यांत भरते.

असे वाक्य लागते कशासाठी, हे समजायला प्रेक्षकाच्या डोक्यात त्या क्षणी काय चालते ते पाहावे लागते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग चित्रपटाच्या अभ्यासात नेहमी सांगितला जातो. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला. वाडग्यातल्या सूपशेजारी तो भुकेला वाटला, शवपेटीशेजारी दुःखी. दोन दृश्ये लागोपाठ आली की माणूस त्यांच्यात नाते शोधतो. ही सवय त्याला सोडता येत नाही. चित्रपटाचे सारे संकलन या सवयीवर उभे आहे. संकलित व्हिडिओत मात्र तीच सवय अंगावर येते. तळ्याचे दृश्य संपून एकदम हातमाग दिसला की प्रेक्षक नाते शोधू लागतो आणि ते सापडत नाही. मागचे संपले का? मध्येच जाहिरात लागली का? आपण चुकून दुसरेच काही लावले का? हे प्रश्न पाच-सहा सेकंद टिकतात आणि तेवढ्यात नव्या तुकड्याचे पहिले वाक्य वाया जाते. विषय कोणता, गाव कोणते, समोरचा माणूस कोण, हे बहुधा त्याच पहिल्या वाक्यात असते. जोडवाक्य हे प्रश्न उठण्याआधीच मिटवते.

ही अडचण व्हिडिओच्या आधी रेडिओला आली होती. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमात अमीन सायानी यांच्यासमोर हेच काम होते. एक गाणे विरहाचे, पुढचे विनोदी, त्यापुढचे भजनासारखे. चित्रपट वेगळे, संगीतकार वेगळे. ती एकत्र येण्याचे कारण फक्त त्या आठवड्यातली लोकप्रियता. त्यांनी गाण्यांच्या अर्थांत नाते जुळवत बसण्याऐवजी क्रमांकालाच दोरी केले. गाणे ‘पायदान’ चढते किंवा उतरते, आणि निवेदन त्या चढउताराची हकिगत सांगते. दोन गाण्यांमध्ये काहीच साम्य नसले तरी श्रोत्याला तुटल्यासारखे वाटत नसे, कारण पुढचे गाणे का आले हे त्याला ठाऊक असे.

दुसरे टोक इंग्लंडचे. 1969 साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी मालिकेत एकमेकांशी संबंध नसलेली प्रहसने असत. कधी टेरी गिलियमची चमत्कारिक चलच्चित्रे एका प्रहसनातून दुसऱ्यात घेऊन जात, तर कधी टेबलामागे बसलेला निवेदक गंभीर चेहऱ्याने सांगे की आता अगदीच वेगळे काही पाहा. निवेदकांच्या ठरावीक भाषेचीच ती थट्टा होती, आणि तेच वाक्य 1971 च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाचे नाव झाले. तो चित्रपटही मालिकेतली प्रहसने नव्याने चित्रित करून एकत्र गुंफलेला होता. संबंध नाही हे उघड सांगून टाकले की प्रेक्षक तो शोधत नाही, एवढी साधी युक्ती त्यात आहे. मात्र ती विनोदात खपते. माहितीपर व्हिडिओत ‘आता काहीतरी वेगळे’ असे दोनदा म्हटले की तिसऱ्यांदा ते कोणी ऐकत नाही.

म्हणजे माहितीपर संकलनाला दोरी शोधावीच लागते. आणि इथे बहुतेकांची गफलत होते. ते जोडवाक्य शोधू लागतात. वाक्य नंतरचे, आधी क्रम. एका साध्या उदाहरणावरून हे दिसेल.

समजा, महाराष्ट्रावर छोटे व्हिडिओ करणाऱ्या एका वाहिनीकडे चार जुने तुकडे आहेत आणि त्यांचा मिळून एक व्हिडिओ करायचा आहे. पहिला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा: जून 2020 मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, त्याची हकिगत. दुसरा येवल्याच्या पैठणीचा. तिसरा मुंबईच्या डबेवाल्यांचा आणि डब्याच्या झाकणावर रंगवलेल्या खुणांचा. चौथा सह्याद्रीतल्या कारवीचा. हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळून जाते. चित्रण याच क्रमाने झाले, म्हणून तुकडेही याच क्रमाने मांडले गेले.

पहिली गोष्ट कापाकापीची. प्रत्येक जुन्या तुकड्याच्या सुरुवातीला ‘नमस्कार मंडळी’ असते आणि शेवटी ‘व्हिडिओ आवडला तर’ असते. मध्येच ‘मागच्या भागात आपण पाहिलं’ असेही एखादे वाक्य दडलेले असते. हे सगळे काढल्याशिवाय जोडवाक्य लिहायला घेण्यात अर्थ नाही. एका व्हिडिओत चार वेळा नमस्कार झाला तर सर्वांत चांगले वाक्यही तो सांधा लपवू शकत नाही. कापल्यावर लोणार 2 मिनिटे 10 सेकंद, पैठणी 2 मिनिटे 40 सेकंद, डबेवाले 2 मिनिटे 20 सेकंद आणि कारवी 1 मिनिट 50 सेकंद असे तुकडे उरले. एकूण बरोबर 9 मिनिटे.

आता सांधे. पहिल्या प्रयत्नात सगळे जे लिहितात तेच लिहिले जाते: ‘लोणारच्या या गुलाबी पाण्यानंतर आता जाऊया येवल्याला.’ यात चूक काही नाही, पण यात आहे तरी काय? पुढे येवला आहे, एवढेच. आणि ते पुढच्या दृश्यात दिसणारच आहे. हेच वाक्य ‘येवल्याच्या पैठणीनंतर आता जाऊया मुंबईला’ असे कुठल्याही दोन तुकड्यांत बसते. जे वाक्य कुठेही बसते ते कुठलाच सांधा जोडत नाही.

दुसऱ्या प्रयत्नात थोडी बुद्धी चालवली जाते. लोणार आणि पैठणी यांच्यात रंग सापडतो: तळ्याचा रंग आला आणि गेला, पैठणीचा रंग मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून विणतात. वाक्य चांगले आहे. पैठणी आणि डबा यांच्यात खुणा सापडतात: पदरावरची नक्षी ओळखायला नजर लागते, तशी झाकणावरची खूण ओळखायलाही. हेही वाईट नाही. डबेवाल्यांकडून कारवीकडे जाताना मात्र ‘शहराच्या धावपळीतून सह्याद्रीच्या शांत कुशीत’ असे काहीतरी हाती लागते. हे वाक्य मराठीतल्या प्रत्येक पर्यटनपर व्हिडिओने झिजवलेले आहे. पण खरी अडचण या शिळेपणाची नाही. तीनही पूल वेगवेगळ्या आधारांवर उभे आहेत: एक रंगावर, एक खुणांवर, एक गोंगाटावर. एकेकटे ऐकले तर चतुर वाटतात; लागोपाठ ऐकले तर निवेदक दर वेळी नवी सबब शोधतो आहे हे कळते. व्हिडिओ मुद्दाम रचलेला न वाटता कसाबसा सांधलेला वाटतो.

अशा वेळी वाक्ये बाजूला ठेवून चारही तुकड्यांपुढे एकच प्रश्न मांडावा लागतो. प्रत्येकाच्या बाबतीत काय खरे आहे, पण प्रत्येकात वेगवेगळ्या मापाचे? कागदावर चार ओळी लिहिल्या की इथे ते लगेच दिसते. कारवीला फुलायला वर्षे लागतात. नक्षीदार पैठणी विणायला महिने लागतात. लोणारच्या पाण्याचा रंग काही दिवसांत बदलला. डब्याला सकाळी घरून निघून दुपारच्या जेवणाआधी कचेरीत पोहोचायचे असते, म्हणजे काही तास. वर्षे, महिने, दिवस, तास. क्रम आपोआप लागला, आणि तो चित्रणाच्या क्रमाहून वेगळा निघाला: कारवी शेवटावरून पहिली आली.

‘वेळ’ हा धागा तुकड्यांवर बाहेरून लादलेला नाही. तो प्रत्येक तुकड्यात आधीच बोलला गेला आहे, म्हणून चालतो. ‘हे सगळे आपल्या मातीचे वैभव’ असा धागाही घेता आला असता. तो खोटा नाही, पण त्यात माप नाही. मापाशिवाय क्रम ठरत नाही, आणि क्रम ठरला नाही की प्रत्येक सांध्यावर पुन्हा सबब शोधणे आले. साधारण नियम असा करता येईल: जोडवाक्य लिहिताना फार घाम गाळावा लागत असेल तर दोष वाक्याचा नसून क्रमाचा असतो.

क्रम लागल्यावर सुरुवातीलाच तो प्रेक्षकाला सांगून टाकावा, म्हणजे पुढची प्रत्येक उडी अपेक्षित होते. इथे उघडणारे निवेदन असे झाले: ‘प्रत्येक गोष्ट आपला वेळ घेते. आज अशा चार गोष्टी: एकीला वर्षं लागतात, एकीला महिने, एकीला दिवस, आणि एकीला जेमतेम काही तास.’ हे सावकाश बोलायला 12 सेकंद लागतात. मराठी निवेदन स्पष्ट आणि घाई न करता वाचले तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. हे गणित लिहिताना फार उपयोगी पडते. आठ सेकंदांच्या सांध्यात एक-दोन सेकंद उसंतीचे सोडले तर बारा ते चौदा शब्द बसतात, त्याहून जास्त नाहीत.

त्यानंतरचे तीन सांधे असे:

‘कारवीनं सात-आठ वर्षं वाट पाहिली. महिन्यांचीच वाट पाहायची असेल, तर येवल्याचा हातमाग.’

‘पैठणीचा एकेक रंग विणायला महिने गेले. आणि इथं अख्ख्या तळ्याचा रंग बदलला, काही दिवसांत.’

‘तळ्याला काही दिवस तरी मिळाले. मुंबईतल्या जेवणाच्या डब्याला मिळतात सकाळचे काही तास.’

या वाक्यांची घडण पाहण्यासारखी आहे. प्रत्येकाचे दोन भाग आहेत. पहिला भाग मागे पाहतो आणि नुकतेच पाहिलेल्या गोष्टीतला एकच तपशील उचलतो. सारांश सांगत नाही. दुसरा भाग पुढे पाहतो आणि नव्या गोष्टीचे माप सांगतो, पण तिचे उत्तर सांगत नाही. लोणारचे पाणी का बदलले? पाणी आटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितले. हे त्या तुकड्याचे गुपित आहे. ‘सूक्ष्मजीवांनी तळ्याचा रंग बदलला’ असे जोडवाक्यातच बोलून टाकले असते तर पुढची दोन मिनिटे पाहायला कारण उरले नसते. सांध्यावरच्या वाक्याने दाराशी आणून सोडावे, आत काय आहे ते सांगू नये.

मराठी वाक्याची एक खास अडचण इथे येते. आपले क्रियापद शेवटी बसते. ‘आता आपण येवल्याच्या हातमागाविषयी माहिती घेणार आहोत’ या वाक्यात नवा शब्द ‘हातमाग’ मध्येच येऊन जातो आणि शेवटचे तीन शब्द नुसते रेंगाळतात. पडद्यावर हातमाग दिसतो तेव्हा कानावर ‘घेणार आहोत’ पडत असते. त्यापेक्षा क्रियापद आधी उरकावे किंवा सरळ गाळावे आणि नव्या गोष्टीला शेवटची जागा द्यावी. ‘तर येवल्याचा हातमाग’ या शेवटच्या शब्दावर मागाची खटखट ऐकू आली की डोळा आणि कान एकाच ठिकाणी पोहोचतात. दुसरी गोष्ट बोलीची. लेखी मराठीतले ‘कारवीने सात-आठ वर्षे’ कागदावर ठीक दिसते, पण माइकसमोर ते वाचून दाखवल्यासारखे ऐकू येते. जुन्या तुकड्यांत निवेदक ‘कारवीनं’, ‘वर्षं’ असे बोलला असेल तर सांध्यावरही तेच हवे. नाहीतर दर दोन मिनिटांनी कोणीतरी वेगळाच माणूस येऊन निरोप वाचून जातो असे वाटते.

तीनही वाक्ये एकाच साच्यातली आहेत हेही मान्य करायला हवे. चार तुकड्यांच्या व्हिडिओत तो साचा ध्रुवपदासारखा चालतो. आठ तुकडे असते तर पाचव्या वेळी प्रेक्षकाने वाक्य आधीच ओळखले असते.

वाक्य लिहून झाले की काम आवाजाकडे जाते, आणि चांगली लिहिलेली जोडवाक्ये बहुधा इथे फसतात. जुने चार तुकडे चार वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेले असतात. एकात निवेदकाला सर्दी आहे, एकात खोली मोठी आहे. त्यात भर म्हणून जोडवाक्ये सवडीप्रमाणे एकेक करून रेकॉर्ड केली तर सातवेगळे आवाज होतात. ती सगळी एकाच बैठकीत, एकाच माइकवर, तोंडापासून तेवढ्याच अंतरावर, साधारण वीतभर, रेकॉर्ड केलेली बरी. त्याच बैठकीत कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीची शांतताही रेकॉर्ड करून ठेवतात. खोलीची शांतता म्हणजे पूर्ण शांतता नव्हे. पंख्याची, रस्त्याची बारीक घरघर तिच्यात असते. वाक्यांच्या मधल्या उसंतीत ती घातली नाही तर आवाज मध्येच विहिरीत पडल्यासारखा बंद होतो आणि सांधा कानाला टोचतो. जोडवाक्याची पट्टी तुकड्यांतल्या बोलण्याएवढीच हवी. निवेदक स्वतःचे वाक्य महत्त्वाचे मानून ते वर चढवतो. डोळे मिटून सांध्याच्या दोन्ही बाजू ऐकल्या की हा मोह लगेच कळतो.

वाक्य नेमके कुठे सुरू करायचे? मागच्या तुकड्याच्या शेवटच्या शब्दानंतर अर्धा-एक सेकंद जाऊ द्यावा. मग मागचेच शेवटचे दृश्य पडद्यावर असताना वाक्याचा पहिला भाग. दुसरा भाग सुरू होताना पुढच्या तुकड्याचा नैसर्गिक आवाज, म्हणजे मागाची खटखट किंवा लोकल गाडीची धडधड, हळूच खालून सुरू होतो. चित्र अजून मागचेच असते. शेवटच्या शब्दावर चित्र बदलते. पुढचा आवाज चित्राच्या आधी आणण्याची ही पद्धत संकलकांच्या रोजच्या वापरातली आहे. प्रेक्षकाला ती जाणवत नाही, पण चित्र बदलते तेव्हा त्याचे कान आधीच तिथे पोहोचलेले असतात. संगीताचे मात्र उलट आहे. मागच्या तुकड्याचे संगीत पूर्ण संपल्याशिवाय पुढचे सुरू झाले तर दोन सूर एकमेकांवर पडतात, आणि तो गोंधळ कोणतेही वाक्य सावरू शकत नाही.

यासाठी मागच्या तुकड्याच्या शेवटी तीन-चार सेकंदांचे मोकळे चित्र शिल्लक हवे. जुने व्हिडिओ बहुधा शेवटच्या शब्दावर कापलेले असतात. चित्र गोठवून ठेवणे हा सोपा उपाय, पण गोठलेले चित्र मेलेले दिसते. इंटरनेट अडले असावे असे समजून लोक पडद्याला बोट लावतात. त्याच दिवशीच्या चित्रणातला न वापरलेला दुसरा शॉट शोधणे बरे. तोही नसेल तर साध्या एकरंगी पाटीवर एकच शब्द: ‘महिने’, ‘दिवस’, ‘तास’. पान उलटण्याचे, चक्राकार फिरण्याचे, तारा फुटण्याचे जे तयार प्रकार संकलनाच्या प्रत्येक ॲपमध्ये मिळतात, ते या कामाला येत नाहीत. काहीतरी बदलले एवढेच ते सांगतात. प्रेक्षकाला प्रश्न ‘का बदलले’ हा असतो.

यूट्यूबवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, कारण तिथे सगळेच प्रेक्षक सुरुवातीपासून पाहत नाहीत. वर्णनात वेळांची यादी दिली की व्हिडिओची प्रकरणे पडतात आणि कोणीही थेट तिसऱ्यावर उडी मारू शकतो. यादीची पहिली वेळ 00:00 हवी, निदान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान 10 सेकंदांचे हवे. जोडवाक्य कोणत्या प्रकरणात टाकायचे? ते पूर्णच पुढच्या प्रकरणात गेले तर थेट लोणारवर आलेल्या माणसाला पहिल्यांदाच ऐकू येते की पैठणीचा रंग विणायला महिने गेले, आणि तो बुचकळ्यात पडतो. पूर्ण वाक्य मागच्या प्रकरणात ठेवले तर त्याला तुकडा वाऱ्यावर सुरू झाल्यासारखा वाटतो. म्हणून प्रकरणाची रेघ वाक्याच्या दोन भागांमधून जावी. आपल्या उदाहरणात 12 सेकंदांचे उघडणारे निवेदन आणि आठ-आठ सेकंदांचे तीन सांधे धरले, आणि प्रत्येक सांधा मधोमध कापला, तर यादी अशी होते:

```
00:00 चार गोष्टी, चार वेग
00:12 कारवी: वर्षे
02:06 पैठणी: महिने
04:54 लोणार: दिवस
07:12 डबेवाले: तास
```

लोणारवर थेट आलेल्याला ‘आणि इथं अख्ख्या तळ्याचा रंग बदलला, काही दिवसांत’ एवढेच ऐकू येते. ‘आणि’ने सुरुवात झाली तरी त्याचे काही अडत नाही.

सगळेच सांधे मात्र वाक्याने जोडायचे नसतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक व्हिडिओत वर्षभरात गेलेल्या रहिवाशांना श्रद्धांजली असते आणि लगेच पुढे पाककृती स्पर्धा असते. इथे निवेदक हमखास ‘पण आयुष्य पुढे चालतच राहते’ असे काहीतरी बोलतो आणि श्रद्धांजली ही स्पर्धेची प्रस्तावना होऊन बसते. दुःखाला दुवा नको असतो, थांबा हवा असतो. शेवटचे छायाचित्र राहू द्यावे, दोन-तीन सेकंद पडदा काळा आणि आवाज बंद, मग नव्या कार्यक्रमाचे नाव सरळपणे. क्रम बदलून श्रद्धांजली अगदी सुरुवातीला नेता आली तर आणखी चांगले.

तुकडे फार असले तरीही हात आवरावा लागतो. पंधरा मिनिटांत बारा तुकडे आणि अकरा जोडवाक्ये म्हणजे दर सव्वा मिनिटाला निवेदक मध्ये येतो. अशा वेळी तुकड्यांचे तीन गट पाडून फक्त गटांमध्ये बोलतात आणि गटाच्या आत सरळ कट देतात. लोकांनी घरी टिपलेल्या फजितीच्या चित्रफिती दाखवणारा ‘अमेरिकाज फनीएस्ट होम व्हिडिओज’ हा अमेरिकी कार्यक्रम 1990 पासून याच रीतीने चालला: एका जातीच्या चित्रफितींची माळ सलग सुटायची आणि निवेदक स्टुडिओत बोलायचा तो दोन माळांच्या मध्ये.

खोटा दुवा हा यातला सर्वांत वाईट प्रकार. ‘लोणारच्या याच पाण्याने शिकवले की…’, ‘म्हणूनच मुंबईचे डबेवाले…’ असे कार्यकारणाचे शब्द सांध्यावर फार सहज येतात, कारण ते वाक्याला जोर देतात. पण लोणारच्या पाण्याचा डबेवाल्यांशी काही संबंध नाही, आणि प्रेक्षकाला ते माहीत असते. दोन गोष्टी शेजारी ठेवून मोजता येतात. एकीमुळे दुसरी झाली असे म्हणता येत नाही. ‘तर’, ‘आणि’, ‘मात्र’ हे शब्द चालतात. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ सांध्यावर आले की थांबून पाहावे.

तयार व्हिडिओ तपासायला दोन रीती पुरतात. एक म्हणजे जोडवाक्यांची अदलाबदल. पहिले तिसऱ्याच्या जागी लावून पाहावे. ते तिथेही बसले तर ते वाक्य टाकाऊ आहे. दुसरी रीत व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावरची. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ टिकले याची रेघ दिसते, आणि ती कोणत्या सेकंदाला खाली येते हे पाहता येते. नवा तुकडा सुरू झाल्यावर रेघ घसरली असेल तर बहुधा जोडवाक्याने एक कबूल केले आणि तुकड्याने दुसरेच दाखवले. रेघ जोडवाक्याच्या आधीच घसरू लागली असेल, म्हणजे आपल्या उदाहरणात कारवी संपण्याच्या सुमारास, 01:50 च्या आसपास, तर जोडवाक्य कितीही सुधारून काही होत नाही. मागच्या तुकड्याचे शेपूट लांबले आहे आणि तेच कापावे लागते.